आमची वाटचाल: रिले टेस्टिंगपासून लांब लाइनच्या चार्जिंगपर्यंत

आमची फर्म सुरू झाली ती सबस्टेशनमधल्या रिले टेस्टिंगच्या कामावर. टेस्ट किट, एक लॅपटॉप आणि आम्ही दोघं पार्टनर, एवढाच पसारा. लाइन चार्ज करताना व्होल्टेज किती चढेल, रिअॅक्टर कुठे आणि केवढा लावावा, असली कामं आमच्याकडे यायचीच नाहीत, ती मोठ्या कन्सल्टंटकडे जायची. आज आमचं निम्म्याहून जास्त काम तेच आहे, आणि ते कसं सुरू झालं हे सांगायचं तर एका ४०० केव्हीच्या लाइनबद्दल लिहावं लागेल.

साधारण ४०० किलोमीटरची लाइन, दोन्ही टोकांना ८० एमव्हीएआरचा एकेक शंट रिअॅक्टर. मेंटेनन्सनंतर परत चार्ज करायला घेतली की पाचेक सेकंदात ट्रिप. पुन्हा घेतली, पुन्हा ट्रिप. या टोकाच्या पॅनेलवर इंडिकेशन येत होतं "डायरेक्ट ट्रिप रिसीव्ह्ड", म्हणजे पलीकडच्या टोकाच्या ओव्हरव्होल्टेज रिलेने कॅरिअरवरून ट्रिप पाठवलेला. इथल्या बसवर तर फक्त ४१० केव्ही, मग ओव्हरव्होल्टेज कुठून येणार, रिलेच खराब असणार असं धरून आम्हाला रिले तपासायला बोलावलं. तपासला, रिले एकदम ठीक होता, ११० टक्के म्हणजे ४४० केव्हीला पिकअप आणि ५ सेकंदांचा टाइम, सेटिंगप्रमाणे.

खरी गोष्ट सापडली ती आमच्या ज्युनियर इंजिनियरला. तिने डिस्टर्बन्स रेकॉर्डरमधला ट्रिपनंतरचा भाग उघडला, जो सहसा कोणी बघत नाही. ब्रेकर उघडल्यावर लाइनवर अडकलेला चार्ज रिअॅक्टरमधून झुलत राहतो, लाइनची कपॅसिटन्स आणि रिअॅक्टरचा इंडक्टन्स यांच्यात, आणि त्याची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झपेक्षा कमी असते. लाइनच्या चार्जिंग एमव्हीएआरपैकी जेवढा हिस्सा रिअॅक्टर भागवतात त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि ५० ने गुणायचं. ही लाइन ४०० केव्हीला सुमारे २२० एमव्हीएआर तयार करते. ८० चा रिअॅक्टर ४२० केव्हीवर रेटेड असतो, म्हणजे ४०० ला तो ७३ च्या आसपास. दोन्ही लागलेले असते तर हिस्सा ६६ टक्के आणि फ्रिक्वेन्सी ४० च्या थोडी वर दिसली असती, एकच असेल तर ३३ टक्के आणि २८-२९ हर्ट्झ. तिने लाटा मोजल्या आणि म्हणाली, "सर, लाइनवर एकच रिअॅक्टर आहे."

पलीकडे फोन लावला तर खरंच, तिथला रिअॅक्टर तेलाच्या कामासाठी आयसोलेट केलेला होता आणि या टोकाच्या कंट्रोल रूमला त्याचा पत्ताच नव्हता.

आता कोणीही विचारेल, एक रिअॅक्टर तर होता ना, मग अर्धं तरी काम व्हायला हवं होतं. इथेच खरी मेख आहे. लाइन एका टोकाने उघडी असली तरी तारा आणि जमीन यांच्यातली कपॅसिटन्स करंट खेचतच असते, आणि हा सगळा चार्जिंग करंट चालू टोकाकडूनच लाइनच्या इंडक्टन्समधून जातो. करंट लीडिंग असल्यामुळे इंडक्टन्समध्ये ड्रॉप व्हायच्या ऐवजी व्होल्टेज चढत जातं, यालाच फेरांटी इफेक्ट म्हणतात. लांबी दुप्पट झाली की करंटही दुप्पट आणि ज्यातून तो जातो ती रिअॅक्टन्सही दुप्पट, त्यामुळे चढ चौपट. अशा लाइनवर २०० किलोमीटरला सव्वादोन-अडीच टक्के, आणि ४०० ला जवळजवळ १० टक्के.

मग चालू टोकाला लावलेला रिअॅक्टर काय करतो? तो लाइनच्या दाराशीच बसून सोर्सवरचा बोजा कमी करतो, बस कमी चढते, तेवढंच. लाइनमधून जाणारा चार्जिंग करंट तसाच राहतो, म्हणून तो १० टक्के चढही तसाच राहतो. चार्ज करण्याआधी बस ४०३ होती, चार्ज केल्यावर ४१० झाली, आणि उघड्या टोकाला ४५१. रिअॅक्टर अजिबात नसता तर बस ४१३ आणि टोक ४५४ झालं असतं. म्हणजे या टोकाच्या ८० एमव्हीएआरने तिकडे फक्त ३ केव्हीचा फरक पाडला. तोच रिअॅक्टर उघड्या टोकाला असेल तर तो तिथूनच लॅगिंग करंट घेतो, लाइनभर लीडिंग करंट कमी होतो आणि चढ १० वरून सव्वातीन टक्क्यांवर येतो.

म्हणून आम्ही सुचवलं की लाइन उलटी चार्ज करा. ज्या टोकाचा रिअॅक्टर बाहेर आहे तिकडून चार्ज करायची, म्हणजे चालू असलेला रिअॅक्टर आपोआप उघड्या टोकाला येतो. अडचण एकच, तिकडची बस कमजोर, फॉल्ट लेव्हल ६००० एमव्हीएच्या आसपास, त्यामुळे चार्जिंगला बस १० केव्ही चढणार हे आधीच हिशेबात धरलं. जनरेटरकडून रिअॅक्टिव्ह पॉवर शोषून घ्यायला लावून बस ३९४ पर्यंत खाली आणली, मग ब्रेकर घेतला. बस ४०४, उघडं टोक ४१७. रिले शांत, आणि ४२० ची कमाल मर्यादाही पाळली गेली. तिथून सिंक्रोनाइझ केली आणि लोड चढत गेला तसं व्होल्टेज खाली आलं. सुमारे ५०० मेगावॉटच्या लोडला अशी लाइन स्वतःचीच रिअॅक्टिव्ह पॉवर वापरते, म्हणून फेरांटीची डोकेदुखी असते ती रिकाम्या नाहीतर हलक्या लाइनवरच.

या कामानंतर त्याच क्लायंटने चार्जिंग स्टडीचं काम आम्हाला दिलं आणि तोंडी प्रचारातूनच पुढची कामं येत गेली. आता कुठलीही लाइन असो, आमचा पहिला प्रश्न असतो की आज कुठल्या टोकाचा रिअॅक्टर प्रत्यक्ष लागलेला आहे, ड्रॉइंगमध्ये काय दाखवलंय ते नंतर बघू. दोन्ही बसची त्या दिवसाची फॉल्ट लेव्हल घेतो, कारण रात्री जनरेटर कमी असले की तीच बस जास्त चढते.

सगळ्यात जास्त वाद घालावा लागतो तो मोठ्या रिअॅक्टरवरून. याच क्लायंटचं पुढे म्हणणं पडलं की ८० काढून दोन्ही टोकांना १२५ चे लावूया, मग एक बाहेर असला तरी चिंता नको. उघड्या टोकाचं गणित ऐकायला फार छान आहे, १२५ चा एकच तिथे असेल तर दोन्ही टोकांचं व्होल्टेज जवळपास सारखं येतं (मधे मात्र दोनेक टक्के फुगवटा राहतोच). पण दोन्ही लागले की ४०० केव्हीला २२७ एमव्हीएआर होतात आणि लाइनचे २२० आहेत, म्हणजे वर्गमूळवाला हिशेब थेट ५० हर्ट्झवरच येऊन बसतो. त्याच टॉवरवर दुसरं सर्किट चालू आहे. हे सर्किट बंद करून दोन्ही टोकं उघडली की शेजारच्या सर्किटमधून कपलिंगने येणारं ५० हर्ट्झचं व्होल्टेज रेझोनन्समध्ये सापडणार आणि बंद समजलेल्या लाइनवर धोकादायक व्होल्टेज उभं राहणार. शिवाय लाइन रिअॅक्टरला स्वतंत्र ब्रेकर नसला की भर लोडलाही तो लाइनवरच राहतो आणि व्होल्टेज नको तेव्हा खाली ओढतो.

शेवटी लाइनवर दोन्ही टोकांना ८० चेच ठेवले, आणि कमजोर बसवर स्वतःच्या ब्रेकरसह वेगळा १२५ चा बस रिअॅक्टर घेतला. रात्री लागतो, लोड चढला की निघतो, आणि लाइनचा हिस्सा ६६ टक्क्यांवरच राहतो.