पावणेचार तासांची मैफल, तीस एमबीची मर्यादा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात काकांकडे एका खासगी बैठकीचं रेकॉर्डिंग होतं. पावणेचार तासांना पाच मिनिटं कमी, सेकंदांत मोजलं तर १३,२००. फाईल सव्वादोन जीबीच्या पुढे. काकांना त्यातल्या मालकंस रागाचा स्वरालेख हवा होता, म्हणजे गायकाचा आवाज क्षणाक्षणाला कोणत्या स्वरावर आहे त्याचा आलेख. आमच्या हाताशी असलेला प्रोग्रॅम एका वेळी ३० एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही. काका एवढंच म्हणाले, "तुकडे कर, पण मींड तोडू नकोस." मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता सरकत जाणं.

कापण्याआधी फाईल हलकी करणं गरजेचं होतं. गायकाच्या मूळ स्वराची उंची शोधायला स्टिरिओ लागत नाही आणि सेकंदाला ४४,१०० नमुनेही लागत नाहीत, १६,००० पुरतात. मोनो, १६ बिट आणि १६,००० नमुने म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट. या हिशोबाने ९२० सेकंदांचा तुकडा साडेएकोणतीस एमबीच्या आत बसतो. एमपीथ्री मात्र मी टाळलं. त्यात आवाज ठरावीक लांबीच्या चौकटींत बांधलेला असतो, त्यामुळे कापण्याची जागा थोडी इकडेतिकडे सरकते आणि पुढे वेळ जुळवताना तोच फरक नडतो.

कुठे कापायचं हा खरा प्रश्न. भाषणाच्या रेकॉर्डिंगमध्ये शांत जागा शोधून तिथे कापता येतं. मैफलीत तानपुरा थांबतच नाही. ffmpeg या साधनातलं `silencedetect` चालवून पाहिलं, तर त्याला फक्त सुरुवातीची मांडामांड आणि चहाची सुट्टी सापडली. म्हणून दर ९०० सेकंदांनी कापायचं आणि प्रत्येक तुकड्यात पुढचे २० सेकंद जास्तीचे घ्यायचे असं ठरवलं. जी मींड एका तुकड्याच्या काठावर अर्धवट राहते, ती शेजारच्या तुकड्यात पूर्ण मिळते.

```
ffmpeg -i maifil.wav -ac 1 -ar 16000 lahan.wav
ffmpeg -ss 900 -t 920 -i lahan.wav tukda_00900.wav
```

दुसरी ओळ प्रत्येक तुकड्यासाठी आकडा बदलून चालवायची. एकूण पंधरा तुकडे झाले, शेवटचा ६०० सेकंदांचा. फाईलच्या नावात तुकडा सुरू होण्याचा सेकंद ठेवला, कारण प्रोग्रॅमसाठी प्रत्येक तुकडा शून्यापासूनच सुरू होतो. निकालातल्या प्रत्येक वेळेत नावातला आकडा मिळवला की ती मूळ मैफलीतल्या जागेवर जाऊन बसते.

सांधा जुळवताना सामायिक २० सेकंदांतले पहिले दहा आधीच्या तुकड्यातून घेतले आणि उरलेले दहा पुढच्यातून. काठावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा नाही. असे प्रोग्रॅम मागचे-पुढचे क्षण पाहून स्वर ठरवतात. काठावर एका बाजूला काहीच नसतं, त्यामुळे तिथे स्वर एक सप्तक खाली किंवा वर दाखवला जाऊ शकतो.

एका सांध्यावर मात्र आलेख धाडकन खाली आला. सामायिक भागात गायक तीच ओळ गातोय, आवाज तोच, आणि दोन तुकड्यांच्या निकालांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक: ४९८ सेंट. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, एका सप्तकात १२०० सेंट. हा आकडा पाहिला आणि कारण कळलं. षड्ज आणि शुद्ध मध्यम यांच्यातलं अंतर नेमकं तेवढंच असतं. मालकंसात पंचम नसतो म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावलेली होती, आणि गायकही त्या भागात मध्यमावर बराच वेळ थांबला होता. प्रोग्रॅम प्रत्येक तुकड्यात षड्ज नव्याने शोधतो, आणि त्या तुकड्यात त्याने मध्यमालाच षड्ज मानलं. मग मी गाणं सुरू होण्याआधीचा नुसत्या तानपुऱ्याचा भाग घेऊन षड्ज मोजला. तो १३८.६ हर्ट्झ निघाला. काका म्हणाले, "पेटीची काळी एक. बरोबर आहे." तोच आकडा सगळ्या तुकड्यांना हाताने दिला आणि पुन्हा चालवलं. आता सामायिक भागातल्या दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. फरक शून्याजवळ असेल तरच पुढे जायचं, ही तपासणी मी प्रत्येक सांध्यावर केली. फरक ठरावीक सेंटचा असेल तर षड्ज चुकलाय. रेषांचा आकार तोच पण एक मागे आणि एक पुढे असेल तर वेळ चुकलीय.

कोणत्या स्वरावर किती वेळ गेला याचे टक्केही प्रोग्रॅम प्रत्येक तुकड्यासाठी देतो. त्यांची सरासरी काढून उत्तर मिळत नाही. शेवटचा तुकडा लहान आहे, सांध्यावरचे सेकंद दोनदा मोजले गेलेत, आणि मालकंसाच्या शेवटच्या तुकड्यात पुढच्या रागाची सुरुवातही आलीय. म्हणून ते आकडे बाजूला ठेवले आणि जोडलेल्या सलग यादीतून फक्त मालकंसाचा भाग घेऊन टक्के नव्याने मोजले. काकांना तीच यादी दिली, सोबत सांध्यांचे सेकंदही, म्हणजे तिथे काही खटकलं तर त्यांना मूळ रेकॉर्डिंगमध्ये तीच जागा लावून ऐकता येईल.