आला

गेल्या जूनमध्ये औशाकडच्या आमच्या शेतातून थोरल्या दादानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. पत्र्यावरून पाण्याची जाड धार खाली ठेवलेल्या पिंपात पडतेय आणि कडेनं आईचा एक हात आत आलाय, धारेखाली धरलेला. बांगड्यांपर्यंत भिजलेला. खाली दादानं एवढंच लिहिलं होतं : ‘आला.’

पाच मिनिटांत लातूरच्या मावशीचं उत्तर, ‘आमच्याकडं नाही अजून.’ धाराशिवच्या मेहुण्यांनी नुसते हात जोडले. पुण्यातल्या भाच्यानं मात्र विचारलं, ‘मामा, कोण आला?’

दादानं त्याला उत्तर दिलं नाही. पण त्या एका शब्दावर मी बराच वेळ अडकून राहिलो. दादाला ‘आज आपल्याकडे पाऊस आला’ असं लिहिता आलं असतं. त्यातला ‘आज’ मोबाइल सांगतोच. ‘आपल्याकडे’ सांगायला आईचा हात आणि आमचं ते चेपलेलं पिंप आहे. पाऊस तर फोटोभर आहे. फोटोतून दिसतं ते सगळं खोडत गेलं की शेवटी उरतं ते क्रियापद. रोहिण्या कोरड्या गेल्या, मृगातले चार दिवस नुसतं आभाळ येऊन गेलं, बियाणं घरात पडून होतं, ते सगळं फोटोत नव्हतं. ते ‘आला’मध्ये होतं. आठ दिवस आधी त्याच शेतावरच्या काळ्या ढगाचा फोटो टाकून दादानं लिहिलं होतं, ‘आला?’ फरक एका चिन्हाचा. पेरणी मात्र त्या चिन्हावर अडली होती.

हे मराठीत जमतं, कारण आपलं क्रियापद कर्त्याचं लिंग पोटात घेऊन फिरतं. ‘आला’ म्हटलं की पाऊस. ‘आली’ म्हटलं की लाईट, नाहीतर एसटी. ‘आलं’ म्हटलं की नळाला पाणी. मराठवाड्यात वाट बघायच्या गोष्टी या तीन-चारच, आणि व्याकरणानं प्रत्येकीला आपापलं अक्षर वाटून दिलंय. कर्ता लिहायची गरजच पडत नाही. अट एकच, वाचणाराही त्याच गोष्टीची वाट बघत असला पाहिजे. पुण्यात पावसाची वाट बघत नाहीत, पावसात अडकतात. भाच्याची चूक नव्हती.

हा धडा मला आधी एकदा मिळाला होता. तेव्हा मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. फोटोओळी लिहिणं हे डेस्कवरच्या सगळ्यात धाकट्याचं काम, म्हणजे माझं. २०१६चा एप्रिल. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात १४४ कलम लावावं लागलेलं. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. संध्याकाळी माझ्यापुढं फोटो आला : रुळावर टाक्यांची रांग, समोर माणसांची गर्दी. मी लिहिलं, ‘मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे लातूर स्थानकात दाखल झाली, त्या वेळी उपस्थित नागरिक.’

आमच्या सरांनी वाचलं. म्हणाले, “रेल्वे दिसायलीच की बाबा. माणसंबी दिसायलीत. दिसत नाही ते लिही.”

मग त्यांनीच ठळक अक्षरांत दोन शब्द टाकले : ‘पाणी आलं’. मला पहिल्यांदा ते फारच घरगुती वाटलं. नंतर कळलं, ते घरगुती होतं म्हणूनच नेमकं होतं. ‘पाणी आलं!’ ही त्या काळात गल्लीगल्लीतली आरोळी होती. ती ऐकली की बाया हातातलं पीठ तसंच ठेवून घागरी घेऊन पळायच्या. तीच आरोळी रेल्वेच्या फोटोखाली बसवली, आणि एवढी मोठी गाडी गल्लीतल्या नळासारखी दिसायला लागली. सरांनी तारीख, ठिकाण, वाघिणी मात्र कापल्या नाहीत. त्या दोन शब्दांपुढं विसर्गासारखे दोन ठिपके देऊन बारीक अक्षरांत पुढं ठेवल्या. पेपर उद्या रद्दीत जातो, पण फाइल राहते. आणि फाइल उघडणाऱ्याला गल्लीतली आरोळी माहीत असेलच असं नाही.

त्यानंतर मला आखूड लिहायची खाजच सुटली. एका सत्कार समारंभाच्या फोटोखाली मी एकच शब्द टाकला, ‘गौरव’. फोटोत नऊ माणसं, शाली पाच. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, “यातला गौरव कोणता हो? आमच्या पोराचं नाव तर संतोष आहे.” सत्काराच्या फोटोत बघणारा फक्त आपला माणूस शोधत असतो. तिथं ‘डावीकडून’ म्हणत सगळी नावं नीट लिहावीच लागतात, ओळ कितीही लांबली तरी. शिवाय ‘गौरव’ हा शब्द कुठल्याही सत्काराखाली चालला असता. ‘अविस्मरणीय क्षण’, ‘निसर्गाची किमया’ ही त्याच कुळातली मंडळी. दोनच शब्द, पण कोणत्याही फोटोला चिकटतात, म्हणून कोणत्याच फोटोचे नसतात. आता मी लिहिलेला शब्द मनातल्या मनात शेजारच्या फोटोखाली ठेवून बघतो. तिथंही बसला, तर खोडतो.

याच्या उलट एक फोटो. पोळ्याचा. बैल झूल घालून उभा, कपाळाला बाशिंग, एक शिंग रंगवून झालंय, दुसरं अर्धं. खाली ‘बैल’ लिहिलं तर हसू येईल. ‘सर्जा’ लिहिलं तर ओळख होईल, चांगलंच आहे. आमच्या गावच्या एका शेजाऱ्यानं लिहिलं होतं, ‘शेवटचा पोळा’. मी परत वर गेलो आणि फोटो दुसऱ्यांदा बघितला. तेच अर्धं रंगलेलं शिंग आता बघवेना. ट्रॅक्टरचं ठरलं असेल, बैल म्हातारा झाला असेल, बाजार जवळ आला असेल. त्यानं कारण सांगितलं नाही. ‘पुढच्या आठवड्यात विकणार असल्यामुळे’ असं लिहिलं असतं, तर मी हळहळून पुढं गेलो असतो. न सांगितल्यामुळं आधल्या संध्याकाळी त्यानं बैलाच्या कानात ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हटलं असेल, ते मला ऐकू आलं.

दिवाळीत जुनी पेटी आवरताना आजोबांच्या हातचा एक फोटो सापडला. येळवशीचा. मागं कडब्याची कोप, पुढं आंबिलाचं मडकं, आणि तीन बाया उन्हानं डोळे बारीक करून बसलेल्या. पाठीमागं निळ्या शाईत आजोबांनी एकच शब्द लिहिलाय : ‘आम्ही’.

किती छान लिहिलंय, असं मला आधी वाटलं. आजोबा फोटोत नाहीत, ते फोटो काढतायत, तरी ‘आम्ही’. मग आईला दाखवला. तिनं दोघी ओळखल्या, आजी आणि धाकटी चुलत आजी. तिसरीवर बोट ठेवून ती थांबली. “हिला सगळे अक्काच म्हणायचे. नाव कुणी घेतलंच नाही.”

मी पेन्सिलनं ‘आम्ही’च्या खाली दोघींची नावं लिहिली. तिसऱ्या ठिकाणी ‘अक्का’ लिहिलं, आणि पुढं थोडी जागा सोडली.