स्लॅबचा दिवस आणि एकशे पाच एमएम

गेल्या एप्रिलातली गोष्ट, नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे एका बंगल्याचा पहिला स्लॅब होता. साधारण पंधराशे फूट, सव्वाशे एमएम जाडी, आणि पुढे चार फुटांची लोंबती बाल्कनी. उन्हाळा असल्याने सकाळी नऊला काँक्रीटची पहिली गाडी लावली होती, म्हणजे दुपारचं ऊन चढायच्या आत उरकेल.

आमचे फोरमन नाना. वय पंचावन्नच्या पुढे, मला साहेब म्हणतात पण आवाजात "बाळ, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून स्लॅब टाकतोय" असा सूर असतोच. तरी मी आदल्या रात्री त्यांना व्हॉट्सअपवर लिस्ट टाकली:

"नाना, उद्यासाठी. १. टेकू सगळे ठोकून बघा, मागच्या भरावावरच्या टेकूंखाली फळ्या. २. प्लेटांचे जॉइंट बंद, लेव्हल दोरीने. ३. स्टील ड्रॉइंगप्रमाणे. ४. कव्हर चेक. ५. सफाई, तारेचे तुकडे उचलणे. ६. लेबर वीस, दोन व्हायब्रेटर, एक फिटर आणि एक सुतार शेवटपर्यंत थांबणार."

दहा मिनिटांनी नानांचा रिप्लाय आला, "सगळं ओके साहेब, नारळ आणलाय". झोपलो निवांत.

सकाळी साडेसहाला पोचलो. खालून फेरी मारली तर शटरिंगचं काम खरंच चांगलं होतं. फक्त मागच्या बाजूला, जिथं पायाच्या खड्ड्यात काळी माती परत भरली होती तिथं एक टेकू हाताने हलला. फळी होती पण दोन दिवसांपूर्वी कुणीतरी तिथंच टाकीचं पाणी सांडलेलं, माती बसली आणि फळीखाली बोटभर फट पडली. ही काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते, आणि भरलेली असेल तर ओलं झाल्यावर वजनाखाली खचते, म्हणून तिच्यावर नुसती फळी मला पुरेशी वाटत नाही. मोठी फळी आडवी टाकून दोन टेकूंचं वजन वाटून घेतलं, पाचर मारली, काम झालं.

मग वर गेलो. शटरिंगच्या प्लेटांना तेल नीट होतं, ते स्टील बांधायच्या आधी लावलेलं, गजांवर कुठं दिसलं नाही. तळाच्या जाळीखाली कव्हर ब्लॉकही रांगेत, सिमेंटचे, कुणी टाइलचे तुकडे खुपसलेले नाहीत. मनात म्हटलं चला, नानांचं "ओके" खरंच ओके आहे.

आणि मग बाल्कनीत पाय ठेवला तर वरचे गज पायाखाली दबले.

बाल्कनीत गोष्ट उलटी असते हे इथल्या बऱ्याच फिटरांनाही नीट कळत नाही. नेहमीच्या स्लॅबमध्ये मधोमध खालच्या बाजूला ताण येतो म्हणून मेन स्टील खाली. लोंबत्या बाल्कनीला पुढून आधारच नाही, ती पुढे झुकू पाहते, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि तोही भिंतीच्या बीमपाशी सर्वात जास्त. म्हणून तिचा मेन गज वर, वरून फक्त वीस एमएम कव्हर, म्हणजे गजावरचा काँक्रीटचा थर, सोडून. सव्वाशेतून वीस गेले म्हणजे गजाची वरची कड प्लेटपासून एकशे पाच एमएमवर पाहिजे.

खिशातून टेप काढला. बीमपाशी साठ. पुढे पासष्ट. एका ठिकाणी तर पंचावन्न. म्हणजे वरचं कव्हर वीसच्या जागी साठ ते सत्तर झालं होतं, आणि गज जवळपास स्लॅबच्या मधे येऊन पडलेला. मनातल्या मनात हिशोब केला: दहा एमएम गज, त्याचा मध्य खालच्या कडेपासून शंभर एमएमवर धरला होता, आता तो पंचावन्नच्या आसपास. त्यामुळे बाल्कनीची ताकद जवळपास निम्म्यावर आली असती. आणि बाहेरून काहीही दिसलं नसतं, खालून चकाचक आणि वरून चकाचक. टेकू काढल्यावर बीमच्या कडेला वरती आडवी भेग, मग कधीतरी बाल्कनीत पाहुणे जमले की...

नानांना बोलावलं. नाना म्हणाले, "साहेब, कव्हर चेक केलंय ना, हे बघा ब्लॉक." आणि खरंच खालचे ब्लॉक दाखवले. त्यांच्या डोक्यात कव्हर म्हणजे खालचं कव्हर, आणि मी लिहिलं होतं फक्त "कव्हर चेक". चूक माझीच होती, वरचं की खालचं, कुठं, किती एमएम, काहीच लिहिलं नव्हतं. "स्टील ड्रॉइंगप्रमाणे" ही ओळही तशीच, गज मोजून बरोबर भरले, फक्त उंची कुणी मोजली नाही.

गज दबला कसा? फिटरने वरचे गज उचलून धरणाऱ्या खुर्च्या टाकल्या होत्या पण तुटपुंज्या, सहा-सहा फुटांवर एक, त्याही पातळ गजाच्या. काल संध्याकाळी इलेक्ट्रिशियनची पोरं पाइप टाकायला तिथूनच नाचली, खुर्च्या आडव्या झाल्या.

सव्वासातला प्लांटला फोन लावला, गाडी लोड करू नका, पहिली गाडी अकराला पाठवा. तिकडून नाराजी ऐकली, बंगल्याच्या मालकाचीही ऐकली, ते सहकुटुंब पूजेला आलेले. मुकादमाने वीस माणसांचा दिवस वाया जातो म्हणून तोंड वाकडं केलं, त्याला म्हटलं तोपर्यंत सफाई करून घे, मोठी सफाई. बीमच्या तळाशी, कॉलमच्या तोंडाशी बघितलं तर तारेचे तुकडे, लाकडाचा भुसा, एक गुटख्याची पुडी पण. ब्लोअर मारला, मग पाणी, आणि ते पाणी बीमच्या टोकाला उघड्या ठेवलेल्या भोकातून बाहेर काढलं आणि भोक बंद केलं. तारेचे तुकडे प्लेटवर राहिले की पुढे स्लॅबच्या पोटाला गंजाचे तांबडे ठिपके येतात, तेव्हा मालक पहिला फोन इंजिनिअरलाच करतो.

इकडे फिटरने दहा एमएमच्या तुकड्यांच्या नवीन खुर्च्या वाकवल्या, साधारण दोन-दोन फुटांवर एक, खालच्या जाळीवर उभ्या करून तारेने बांधल्या, प्लेटवर टेकू दिल्या नाहीत. गज आत घराच्या स्लॅबमध्ये बाल्कनीच्या दीडपट, म्हणजे सहा फूट गेलेत का तेही मोजलं, ते बरोबर होते. मग पाच-सहा ठिकाणी टेप, सगळीकडे एकशे तीन ते एकशे पाच. त्याच्यावर फळ्या टाकून चालायची वाट केली, गजावर पाय ठेवणाऱ्याला नाना ज्या शिव्या घालत होते त्या इथं लिहिता येणार नाहीत.

अकरा वीसला पहिली गाडी आली, द्वारका सर्कलला थोडी अडकली होती. ऊन कडक झालं होतं, सुतार खाली टेकूंपाशी बसून होता, फिटर बाल्कनीतच. पंपाच्या पाइपाने एकदा गज हलला तेव्हा त्यानेच हात मारून परत वर घेतला आणि मी तिथं काँक्रीट पसरायच्या आधी पुन्हा टेप लावला. तीनच्या सुमारास संपलं, काँक्रीटच्या तपासणीचे क्यूब भरले, गोणपाट टाकून पाणी सुरू केलं. बाल्कनीचे टेकू मात्र अठ्ठावीस दिवस हलवू दिले नाहीत, मुकादम दर दोन दिवसांनी विचारायचा.

पुढच्या साइटला लिस्टची चौथी ओळ अशी लिहिली: "बाल्कनी: प्लेटपासून वरच्या गजाची वरची कड १०५, बीमपाशी तीन आणि पुढे तीन ठिकाणी मोजून फोटो पाठवा, खुर्च्या दोन फुटांवर."

रात्री नानांचे सहा फोटो आले. पण टेप एकाही फोटोत नव्हता. नानांनी लाकडाची एक पट्टी बरोबर एकशे पाचला कापून तिच्यावर खिळ्याने "बाल्कनी" कोरलं होतं, आणि तीच सहाही ठिकाणी गजाला लावून दाखवली होती.