पानावर हात आडवा

२ एप्रिल, रात्री

काल बँकेची वार्षिक लेखाबंदी. शटर खाली, आत दिवे चालू आणि आम्ही सगळे शेवटच्या जुळवणीत. म्हणून जे घडलं ते आज. साडेअकराला मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हे साहेब जानेवारीत बदलून आलेत, बोलतात कमी. समोर माझी सस्पेन्स खात्याची यादी होती. म्हणाले, "मॅडम, ऑगस्टमध्ये २१४ नोंदी होत्या, आता ९ उरल्यात. हे इतकी वर्षं कोणी हातात घेतलं नव्हतं. फार चांगलं काम केलंत."

आणि मी काय बोलले? "छे छे सर, माझं काय त्यात. सगळ्यांनी मिळून केलं. खरं तर डिसेंबरातच व्हायला हवं होतं, उशीरच झाला."

हे बोलताना मी त्यांच्याकडे बघतही नव्हते. टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते. साहेबांचा हात यादीवर तसाच राहिला. मग "बरं" म्हणून त्यांनी यादी ट्रेमध्ये टाकली आणि दुसरी फाइल ओढली. मी बाहेर आले तेव्हा आपण फार विनयाने वागलो असंच मला वाटत होतं. सीएसएमटीपर्यंत चालत येताना ते "बरं" कानात पुन्हा वाजलं. त्यात राग नव्हता. दुकानदाराने शंभराची नोट पुढे केल्यावर गिऱ्हाईक "नको, राहू द्या" म्हणालं तर तो ती परत गल्ल्यात टाकतो, तसं काहीतरी होतं.

सस्पेन्स खातं म्हणजे काय ते बँकेबाहेरच्यांना सांगून ठेवते. पैसे आलेत, पण कोणाच्या खात्यात घालायचे ते त्या क्षणी कळत नाही, तेव्हा ते तात्पुरते तिथे ठेवायचे. हे "तात्पुरते" मग वर्षानुवर्षं तिथेच बसतं. एकेक नोंद सोडवायची म्हणजे जुनं व्हाउचर शोधायचं, अक्षर लावायचं, शाखेला फोन करायचा, खातेदाराचं पत्र काढायचं. आठ महिने मी हे केलं. लंच टाइम सोडून केलं. आणि कोणी विचारलं तर म्हणे माझं काय त्यात.

५ एप्रिल

भाची राहायला आली आहे. कलिनाला भाषाशास्त्रात एम.ए. करते. भाकऱ्या थापता थापता तिला केबिनमधला किस्सा सांगितला, तर ती म्हणाली, "मावशी, याच्यावर अभ्यास झालाय." अनिता पोमरँट्झ नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७८ साली लिहिलंय म्हणे. कौतुक ऐकणारा दोन ओढींत सापडतो. समोरचा बोलतोय त्याला दुजोरा द्यावा ही एक ओढ, आणि स्वतःची स्तुती स्वतः करू नये ही दुसरी. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. मग माणूस मधले रस्ते काढतो. कौतुक जरा खाली उतरवतो, ते दुसऱ्या कोणावर ढकलतो, नाहीतर उलट समोरच्याचंच कौतुक करून टाकतो.

मी म्हटलं, अगं, हे तिन्ही मी रोज करते. "ठीक झालंय आपलं", "सगळं टीममुळे" आणि "सर, तुमच्याकडूनच शिकले". आपल्याकडे तर लहानपणापासूनच शिकवण. आई म्हणायची, आपली टिमकी आपण वाजवू नये. कोणी बाळाला गोड म्हटलं की लगेच मीठ-मोहरी उतरवायला धावायचं. साडी छान आहे म्हटलं की "अगं, दादरला सेलमध्ये घेतली, तीन वर्षं झाली" हे उत्तर तयार.

पण भाकरी तव्यावर टाकताना मला वेगळंच काहीतरी दिसलं, आणि ते तिच्या त्या लेखात असेलच असं नाही. मैत्रीण साडीला छान म्हणते आणि मी "काहीतरीच" म्हणते, तेव्हा ती गप्प बसत नाही. "नाही गं, खरंच रंग खुलतोय तुला." म्हणजे हा पंगतीतला आग्रह आहे. वाढणारीने जिलबी पुढे करायची, आपण "नको, नको" म्हणत पानावर हात आडवा धरायचा, तिने हाताच्या फटीतून ती टाकायचीच. नकार हा खेळाचाच भाग, कारण दुसऱ्यांदा वाढलं जाणार हे दोघींना माहीत असतं.

साहेब आग्रह करत नाहीत. ते एकदाच वाढतात. मी पानावर हात धरला, ते पुढच्या पानाकडे गेले.

भाची म्हणाली, "मग तू उपाशी राहिलीस." आगाऊ आहे.

१२ एप्रिल

आज कळलं की उपाशी मी एकटी राहिले नाही.

वरच्या कार्यालयाला पाठवायची टिपणी टाइप होऊन आली. सस्पेन्सचं काम त्यात एका ओळीत आहे: "विभागाच्या सामूहिक प्रयत्नांनी प्रलंबित नोंदी कमी झाल्या." बस. रोहनचं नाव नाही. ह्या पोराने भांडुप शाखेच्या पोटमाळ्यावर दोन शनिवार घालवलेत. एका व्हाउचरवर कार्बन इतका पुसट होता की त्याने ते खिडकीच्या काचेवर धरून मागून उलटं वाचलं. खातं क्रमांकातले शेवटचे दोन आकडे कोणीतरी अदलाबदल करून लिहिले होते. ते कळलं आणि त्याच लेखनिकाच्या हातच्या ११ नोंदी एका दुपारी सुटल्या. तो त्या दिवशी धुळीने माखून आला होता, शिंकत होता आणि हसत होता.

टिपणी लिहिणाऱ्या बाईंना विचारलं, नावं का नाहीत? त्या म्हणाल्या, "साहेबांनी सांगितलं, मॅडमच म्हणाल्या सगळ्यांनी मिळून केलंय."

खरंच आहे. मीच म्हणाले होते. मी माझ्या समजुतीने श्रेय वाटत होते, पण "सगळ्यांनी" ह्या शब्दात कोणाचंच तोंड दिसत नाही. रोहनचं नाव घेतलं असतं तर ते वाटणं झालं असतं. मी नुसतं ताट सांडलं. वर "उशीरच झाला" हे जोडलं. ते तर साहेबांनी विचारलंच नव्हतं. माणूस म्हणतोय काम चांगलं झालं आणि मी त्याला सांगतेय की तुम्हाला कामाची पारख नाही.

रोहनला काही बोलले नाही. त्याच्या टेबलावर चहा पाठवला, ह्याला काही अर्थ नाही हे माहीत असूनही.

२६ एप्रिल

लेखापरीक्षक आज गेले. सस्पेन्सवर एकही शेरा नाही. संध्याकाळी साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर माझं नाव घेऊन अभिनंदन लिहिलं, दोन ओळी. मी मुलुंडला उतरेपर्यंत खाली हात जोडल्याच्या चौदा खुणा आणि दोन फुलांचे गुच्छ.

कल्याण स्लोमध्ये खिडकी मिळाली होती, म्हणून उत्तर तिथेच लिहायला घेतलं. पहिला मसुदा असा:

"आदरणीय सर, आपल्या मार्गदर्शनाशिवाय हे शक्य नव्हतं. मी निमित्तमात्र. आपला आशीर्वाद असाच राहो."

घाटकोपरला परत वाचला. काम ऑगस्टमध्ये सुरू झालं, साहेब आले जानेवारीत. त्यांनी रोहनला दोन शनिवारी भांडुपला जाऊ दिलं, एवढी मदत खरी. पण "मार्गदर्शन" नाही, आणि हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. खोटं कौतुक उलट फेकलं की पहिलंही खोटं ठरतं. आणि निमित्तमात्र! २१४ नोंदींत निमित्तमात्र कोण असतं? पुसलं.

दुसरा मसुदा चांगला होता, पण शेवटी लिहिलं होतं, "उरलेल्या ९ नोंदी जूनअखेर संपवते." ह्यावर विक्रोळीपासून भांडुपपर्यंत विचार केला. खोटं काही नव्हतं. पण कोणी पाठ थोपटली तर लगेच थकबाकीचा हिशोब का मांडायचा? ते "उशीरच झाला"चंच धाकटं भावंड आहे. ९ नोंदींचं पत्र सोमवारी वेगळं जाईल. तेही पुसलं.

उरलं ते पाठवलं:

"सर, मनापासून आभार. आठ महिने ह्या कामामागे होते, ते निर्विघ्न पार पडल्याचा मलाही आनंद आहे. भांडुपच्या जुन्या व्हाउचरांतून रोहनने ११ नोंदींचा उलगडा केला. त्याला दोन शनिवार तिकडे जाऊ दिलंत, त्याचा फार उपयोग झाला."

चार वाक्यं. साहेबांनी ग्रुपवर लिहिलं होतं म्हणून उत्तरही ग्रुपवरच. एकट्याला लिहिलं असतं तर रोहनचं नाव पुन्हा एकाच माणसाच्या फोनमध्ये राहिलं असतं. "मलाही आनंद आहे" लिहिताना मात्र अंगठा थांबला होता. आत्मस्तुती वाटत होती. मग वाटलं, मी ग्रेट आहे असं कुठे म्हणतेय? आनंद झाला म्हणतेय, आणि झालाय.

२९ एप्रिल

आणखी एक प्रसंग, लिहून ठेवण्यासारखा. दुसऱ्या विभागाचे प्रमुख चहाच्या मशीनपाशी म्हणाले, "तुम्ही तो नोंदींचा तक्ता काय सुंदर बनवलात!" आता तो तक्ता माझा नाही. निवृत्त झालेल्या सुनंदाताईंचा आहे, मी दोन रकाने वाढवले. इथे नुसतं "थँक्यू" म्हणणं चोरी झाली असती. म्हटलं, "थँक्यू सर. मूळ तक्ता सुनंदाताईंचा, नोंदींच्या वयाचा आणि शाखेचा असे दोन रकाने मी घातले." त्यांना ते आवडलंच. हे बोलताना जराही अवघडले नाही, कारण इथे मी लाजत नव्हते, चूक दुरुस्त करत होते.

लगेच पुढे ते म्हणाले, "मग आमचंही सन्ड्री खातं बघा ना तुम्ही!" हरभऱ्याचं झाड ते हेच. कौतुकाला एकदा थँक्यू म्हणून झालं होतं, त्यामुळे कामाला वेगळं उत्तर देता आलं. साहेबांना विचारून सांगते म्हटलं.

३० एप्रिल

सकाळी लिफ्टपाशी मोठे साहेब. दोघंच. म्हणाले, "ऑडिट छान झालं, मॅडम."

"थँक्यू सर. मेहनत बरीच लागली."

मग शांतता. लिफ्टचा आकडा चारवर अडकला होता. हीच ती जागा, जिथे माझी जीभ घसरते. आठ महिन्यांतल्या सगळ्या चुका सांगून ती शांतता भरून काढावीशी वाटत होती. डब्याची पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि तोंड बंद ठेवलं. तीन. दोन.

साहेबच बोलले. "तो रोहन कोण? खिडकीपाशी बसतो तो?"

"नाही सर, खांबामागे. उंच आहे, चष्मा लावतो."

"पाठवा त्याला बाराला."