दीपमाळेमागच्या पाच तारा आणि आकाशातले पट्टे

त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या गावच्या देवळासमोरची दीपमाळ वर्षातून एकदाच पूर्ण उजळते. सूर्य मावळल्यानंतर वीसेक मिनिटांनी, खाली नारिंगी आणि वर गडद निळं आकाश असताना मी तिचा उभा फोटो काढला. मागून विजेच्या चार तारा आणि केबलवाल्याची एक जाड वायर गेली होती. कुठूनही उभं राहिलं तरी त्या चुकत नव्हत्या. नंतर काढून टाकू म्हटलं.

तारा काढायला एक संध्याकाळ पुरली. त्यानंतर आकाशात जे पट्टे उमटले, त्यांनी मला पंधरा दिवस छळलं. तारा काढायचं शिकवणारा प्रत्येक जण ‘ब्रश फिरवा, झालं’ म्हणून थांबतो आणि पट्ट्यांबद्दल चकार शब्द काढत नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्यांदा मी कॅमेऱ्यातून निघालेली जेपेगच फोटोशॉपमध्ये उघडली. स्पॉट हीलिंग ब्रश घेतला, तारेच्या एका टोकाला क्लिक केलं, शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक केलं. तार मध्ये झोल खाते, म्हणून एका दमात न जाता तीनशे-चारशे पिक्सेलचे तुकडे केले. तारा गेल्या, पण त्यांच्या जागी अळी सरकून गेल्यासारखे पुसट माग राहिले. ते घालवायला मी सगळं आकाश सिलेक्ट करून त्यावर गॉसियन ब्लर मारला. स्क्रीनवर फोटो लहान करून पाहिला, आकाश रेशमासारखं दिसलं आणि १६ बाय २४ इंचांची प्रिंट काढायला दिली.

प्रिंट हातात आली तेव्हा आकाशात नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे होते. प्रिंटवाले म्हणाले, “मॅडम, फाइलमध्येच आहेत.” मी त्यांच्याशी भांडले, पण त्यांचंच खरं होतं. घरी येऊन मी फाइलवर एक कर्व्ह्‌ज लेयर टाकला, कॉन्ट्रास्ट वाढवण्यासाठी रेघ जवळजवळ उभी केली आणि फोटो बरोबर १०० टक्क्यांवर पाहिला. सगळे पट्टे तिथे होतेच. ही तपासणी मी प्रिंटच्या आधी करायला हवी होती. आता काम सुरू करतानाच तो लेयर सगळ्यात वर ठेवते, मधूनमधून चालू-बंद करते आणि शेवटी काढून टाकते. मोठा फोटो लहान करून पाहिला तर खरे पट्टे लपतात आणि कधीकधी नसलेले दिसतात, म्हणून १०० टक्केच.

पट्टे का येतात हे मला या प्रिंटवर मोजून पाहिल्यावर कळलं. जेपेग ८ बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. माझ्या आकाशाची उंची साधारण ३००० पिक्सेल होती आणि तेवढ्यात निळा रंग जेमतेम ६० पायऱ्या उतरत होता. म्हणजे एक पायरी ५० पिक्सेल रुंद. इंचाला २५० पिक्सेल धरले, तर कागदावर पाच मिलिमीटरचा पट्टा. मूळ फोटोतही पायऱ्या तेवढ्याच होत्या, मग तिथे त्या का दिसत नव्हत्या? कारण कॅमेऱ्याच्या फोटोत बारीक रवा असतो, ज्याला आपण नॉइज म्हणून नावं ठेवतो. एका पायरीचे ठिपके शेजारच्या पायरीत मिसळलेले असतात आणि कडा डोळ्याला सापडत नाही. मी ब्लर मारून तो रवाच पुसला होता. तारांच्या जागचे माग दिसत होते तेही त्यामुळेच. तिथला रवा शेजारच्या आकाशासारखा नव्हता.

म्हणून दुसऱ्यांदा रॉ फाइलपासून सुरुवात केली. कॅमेरा रॉमध्ये खोली १६ बिट ठेवली, शार्पनिंग शून्य केलं आणि नॉइज कमी करणारा ल्युमिनन्सचा स्लायडरही शून्यावर आणला. जुनी जेपेग नुसती १६ बिट करून हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत.

शार्पनिंगचं कारण सांगते. काळ्या तारेच्या दोन्ही बाजूंना शार्पनिंगमुळे उजळ कड तयार होते. तार गेली तरी ती कड उरली, तर आकाशात पांढरट धागा दिसत राहतो. शार्पनिंग काढलं तरी तारेच्या मापावर जाऊ नका. माझी तार सात पिक्सेलची होती, ब्रश मी बाराचा घेतला.

या वेळी स्पॉट हीलिंगऐवजी साधा हीलिंग ब्रश वापरला, तोही वेगळ्या रिकाम्या लेयरवर, वरच्या पट्टीत `Sample: Current & Below` निवडून. हा ब्रश रवा आपण दाखवलेल्या जागेतून घेतो आणि रंग दुरुस्तीच्या जागेच्या कडेवरून जुळवतो. म्हणून तारेच्या जवळचंच, तिला समांतर असलेलं स्वच्छ आकाश ऑल्ट दाबून दाखवायचं आणि `Aligned` चालू ठेवायचं. कडकपणा मी १०० टक्के ठेवला. मऊ कडेवर जुना आणि नवा रवा एकमेकांत मिसळून बोथट होतो. आधीचे माग काही अंशी मऊ ब्रशमुळेच पडले असणार.

केबलची वायर आणि तिच्या वरची तार एका ठिकाणी इतक्या जवळ आल्या होत्या की मध्ये घेण्यासारखं आकाशच नव्हतं. तिथे लॅसोने दोन्ही एकत्र सिलेक्ट करून कंटेंट-अवेअर फिल केलं. रंग डागाळल्यासारखा आला. मग तेवढाच तुकडा, कडा मोकळ्या करून, वेगळ्या लेयरवर ब्लर केला आणि लगेच त्यावर `Add Noise` टाकला, `Gaussian` निवडून, साधारण दीड टक्का. नवा रवा सुईसारखा टोचत होता, म्हणून त्याला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर दिला. मग तो शेजारच्या आकाशाशी जुळला. टक्केवारी प्रत्येक फोटोला वेगळी लागेल, ती १०० टक्क्यांवर डोळ्यांनी जुळवायची.

दीपमाळेच्या कडेला वेगळीच अडचण आली. तार दगडाला टेकते तिथे हीलिंग ब्रश दगडाचा काळा रंग ओढून आकाशात धूर केल्यासारखा डाग पाडत होता. यावर उपाय सिलेक्शनचाच. आकाश सिलेक्ट करायचं, त्याची रेघ दीपमाळेच्या कडेला तंतोतंत लावायची, फेदर शून्य ठेवायचा आणि सिलेक्शन चालू असतानाच ब्रश फिरवायचा. मग बाहेरचा रंग आत येत नाही. दिव्यांच्या हातांमध्ये अडकलेल्या शेवटच्या दहा-पंधरा पिक्सेलना मात्र क्लोन स्टँपच लागला.

दुसऱ्या वेळी प्रिंटवाल्यांकडे आधी फक्त आकाशाचा एक तुकडा, पूर्ण मापात, पाठवला. तो नीट आला, मग सबंध फोटो दिला. फाइल पेनड्राइव्हवर नेली, सर्वांत वरच्या दर्जाची जेपेग करून. मोबाइलवरून पाठवलेल्या प्रतीत दाबून-दाबून रवा पुन्हा पुसला जातो आणि तुम्ही घालवलेले पट्टे तिथेच परत येतात.