'औदुंबर'चं रसग्रहण, दोनदा लिहिलेलं

एसवायला मराठीच्या पेपरला वीस मार्कांची असाइनमेंट होती, एका कवितेचं रसग्रहण, आशय, प्रतिमा, सूर, अलंकार सगळं धरून. मी बालकवींची 'औदुंबर' घेतली कारण ती आठच ओळींची आहे, खोटं कशाला बोलू. वाटलं एका संध्याकाळी उरकेल. आठ ओळींची कविता घेतली की लपायला जागाच नसते हे नंतर कळलं.

पहिला ड्राफ्ट मी असा केला की आधी कवीची माहिती, मग शब्दार्थ लावून कविता गद्यात, मग अलंकारांची यादी: चेतनगुणोक्ती, अनुप्रास, यमक. सुराबद्दल लिहिलं की 'कवितेवर मृत्यूची छाया आहे', कारण बालकवी 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय अवघं 27, आणि कवितेत काळा डोह आहेच. मला वाटलं काय भारी जुळलं!

मॅडमनी वही परत दिली आणि म्हणाल्या, "अगं, कवितेचा सूर कवी कसा गेला त्यावरून ठरवतेस का? ओळीत दाखव मला." आणि अलंकारांच्या यादीसमोर लाल पेनाने एवढंच, 'मग काय झालं त्याने?'

त्या रात्री कविता हाताने उतरवून काढली आणि प्रत्येक रंगाखाली रेघ मारली, तेव्हा कुठे काहीतरी दिसायला लागलं. हिरवाळी, मग निळासावळा झरा, परत हिरवी गर्दी, मग पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह आणि शेवटी काळिमा. म्हणजे उजेडातून हळूहळू सावलीत नेलंय आपल्याला. आणि नेतं कोण, तर आधी वाहणारा झरा आणि मग 'चालली' म्हटलेली ती पायवाट. गाव आहे चार घरांचं, शेतं आहेत, वाट पण आहे, पण माणूस एकही नाही! वाट स्वतःच चालतेय. माणसासारखं बसलेलं कोण, तर फक्त झाड, तेही पाण्यात पाय टाकून. चेतनगुणोक्ती हे नाव मला आधीही येत होतं, पण ती नेमकी इथे का हवी ते आत्ता कळलं, सगळं चालत वाहत येतं आणि एकजण निवांत बसलेला सापडतो.

मग मात्रा मोजल्या, खरंतर कंटाळा आला म्हणून. प्रत्येक ओळ 16 अधिक 11 अशी तुटते (काही ओळींत शेवटचं अक्षर दीर्घ धरावं लागतं, ते चालतं). शेवटची ओळ मोठ्याने म्हणून बघा, 'पाय टाकुनी जळांत बसला', इथे बरोब्बर 16 होतात आणि आपण थांबतो, कोण बसला ते अजून माहीत नाही, आणि मग 'असला औदुंबर'. ज्याच्या नावाची कविता तो अगदी शेवटच्या शब्दाला येतो. हे मी लिहिलं तेव्हा एकटीच खूश होऊन खोलीत फेऱ्या मारत होते, रूममेट वैतागली.

सूर सगळ्यात अवघड गेला. अडकले होते 'गोड काळिमा'वर. आपल्याकडे काळिमा म्हटलं की घराण्याला फासतात तो, आणि त्याला गोड कसं म्हणायचं. आजीला फोन केला तर ती म्हणाली, "बाई गं, उंबराखाली उन्हातनं आल्यावर बसलीयस का कधी, डोळ्यापुढं अंधारतं पण बरं वाटतं." झालं, मला हेच हवं होतं! काळं आहे पण भीतीचं नाही, म्हणून सूर उदास नाही, गंभीर आणि शांत लिहिला, आणि पुरावा म्हणून तो 'गोड' शब्दच दाखवला.

औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड, म्हणून वर्गात निम्म्या जणांनी तो योगी आहे असं ठोकून दिलं. तसं वाचता येतं, मीही एक वाक्य टाकलं, पण 'असं वाटू शकतं' म्हणून, कारण कवितेत दत्त कुठेच नाहीत, बसणं आहे फक्त.

दुसऱ्या ड्राफ्टमधून कवीचं चरित्र एका ओळीवर आणलं, यादी काढून टाकली. सोळा मिळाले. यमकाचा परिच्छेद जुनाच ठेवला होता, तिथे मार्क गेले, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याला एकच यमक आहे, कडे, पुढे, पडे, कडे, आणि गावापासून डोहापर्यंतची वाट त्यामुळे सलग वाटते, हे मला मॅडमनी सांगेपर्यंत दिसलंच नव्हतं. 'असला'समोर त्यांनी लिहिलंय, 'असला म्हणजे कसला?' आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाहीये.