लादी गुलाबी, काउंटरवाला म्हणतो क्रीम घ्या

आमच्या फोंड्याच्या फ्लॅटमध्ये आधीच्या मालकाने बसवलेल्या बेज लाद्या आहेत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे फोडाफोड शक्यच नव्हती. लादी तीच ठेवून भिंतींना नवा रंग द्यायचा, एवढंच ठरलं.

बेज म्हणजे नुसता बेज नसतो, हे कोरा पांढरा कागद लादीवर ठेवला की लगेच कळतं. आमची लादी कागदाशेजारी स्वच्छ गुलाबी दिसली. अशा लादीजवळ पिवळट-हिरवट झाकेची भिंत आली की लादी आणखी गुलाबी दिसू लागते. आमच्याकडे तर लादीचंच स्कर्टिंग आहे, म्हणजे दोन्ही रंग एकमेकांना खेटूनच.

खरा वैताग रंगाच्या दुकानात. माळ्यावरची जादा लादी मी सोबत नेली होती. काउंटरवरचा मुलगा ती बघायलाही तयार नाही. "वहिनी, क्रीम सगळ्याला चालतो. फिकट शेडमध्ये कसला फरक?" शेडकार्डावर मला दोन शेड जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. मशीनमध्ये कुठले रंग पडतात ते दाखव म्हटलं, तर "ते गिऱ्हाइकाला दाखवत नाही." मिक्स केलेला डबा मात्र परत घेणार नाहीत! मागे रांग वाढत होती, मी हलले नाही. शेवटी मालकाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका शेडमध्ये पिवळा ऑक्साइड आणि काळा, दुसऱ्यात पिवळ्याबरोबर लाल ऑक्साइड आणि काळ्याचा थेंब. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट झाक येते, लाल ती मारतो. दुसरी घेतली, तीही आधी लहान डबा. मुलगा माझ्या लादीकडे अजून अशा नजरेने बघत होता जणू मी तिथे मासळी आणून ठेवली होती.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका, लादी आणि कार्ड घेऊन दाराबाहेर या. घरी हार्डबोर्डच्या तुकड्यावर दोन हात मारले, कडेने पांढरी पट्टी सोडली आणि तो स्कर्टिंगला टेकवून उभा ठेवला. जमिनीवर आडवा ठेवला तर उजेड वेगळा पडतो आणि रंग फसवा दिसतो. पावसाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, ओला रंग वाळल्यावर वेगळा दिसतो.

खिडकीबाहेर माडाची गर्दी असेल तर आत येणारा उजेडच हिरवट असतो. आमच्या मागच्या खोलीत तीच शेड सकाळी किंचित हिरवी वाटली, म्हणून तिथे लाल थोडा वाढवून घेतला. हां, आणि रात्री तुमचे नेहमीचे दिवे लावूनही बघा. निळसर पांढऱ्या एलईडीखाली आमची गुलाबी लादी राखाडी दिसते, पिवळसर दिव्याखाली पुन्हा गुलाबी.

डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. तोच फॉर्म्युला दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये टाकला तर रंग तसाच येत नाही.